तीन म्हणजे समाधानकारक

आमच्या ह्यांनी आयुष्यात कुणालाही पैकीच्या पैकी दिलेले नाहीत. सरकारी कचेरीत अधीक्षक होते. हाताखालच्या कारकुनांचे गोपनीय अहवाल दरवर्षी हेच लिहायचे, आणि त्यात 'उत्कृष्ट' हा शब्द कधी उमटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. 'समाधानकारक' म्हणजे ह्यांच्या लेखी माणसाचा कळस. निवृत्तीनंतर कारकून उरले नाहीत, तेव्हा माझ्या वरणाला, जावयाला आणि औंढ्याच्या देवळातल्या दर्शनरांगेला शेरे मिळू लागले. सगळे समाधानकारक.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यानं दगा दिला आणि संध्याकाळचा स्वयंपाक सुटला. नाशिकहून आलेल्या अनुश्रीनं, म्हणजे आमच्या लेकीनं, बापाच्या फोनवर जेवण मागवायचं ॲप घातलं. हिंगोलीत आता तेही आलंय. पार्सल बहुतेक वेळा देविदास राठोड आणायचा. औंढ्याकडच्या तांड्यावरचा पोरगा. पुण्यातल्या कारखान्यात होता, पण आई नानीबाई पडली, खुबा मोडला, तेव्हा बायकोला घेऊन परत आला. बाकीचे दारातून पिशवी पुढं करतात. हा "काकू, बसा तुमी" म्हणत सरळ ओट्यावर नेऊन ठेवायचा. माझा जीव होता त्याच्यावर, आणि ह्यांचाही, फक्त ह्यांचं दिसत नाही.

मध्यंतरी पोराचं तोंड उतरायला लागलं. एकदा मी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि बसवूनच घेतलं.

"काय झालं रे?"

"रेटिंग पडून राहिलं, काकू. काहून ते कळत न्हाई. रेटिंग पडलं की संध्याकाळच्या पाळ्या आधी चांगल्या रेटिंगवाल्यांना दिसतात. मला उरतात दुपारच्या. दुपारी चारला हिंगोलीत कोन जेवते? ऑर्डर न्हाई तर कमाई न्हाई. आता मेसेज आला, रविवारपस्तोर सुधारलं न्हाई तर आयडी बंद. मंग पुन्हा पुणं. माय इथं एकटी."

"कमी कोण देतंय, विचारलंस का?"

त्यानं फोन दाखवला. कंपनीचं यंत्र मोठं अदबीनं बोलत होतं: तुमची अडचण आम्हाला समजते. ग्राहकांना उत्तम सेवा द्या, रेटिंग सुधारेल. ही माहिती उपयोगी वाटली का? खाली होय आणि नाही.

"न्हाई दाबलं की पुन्हा हेच येते," देविदास म्हणाला. "गिऱ्हाइकाचं नाव तर दाखवतच न्हाईत. मी नवी बॅग घेतली, शर्टाला इस्त्री करतो. आमच्या पार्सलवाल्यांतला मुन्ना म्हणला हसत जा, तर एक बाई घाबरल्या. गुलाबसिंगनं नागनाथाला नारळ बोलला. आपल्या ह्या भागातल्या समद्याच पोरांचं पडून राहिलं."

एवढ्यात हे आतून तरातरा बाहेर आले. डोळ्यांत खरा संताप होता. "हा शुद्ध अन्याय आहे! कुणी पाहत नसेल, मी पाहतो. प्रत्येक वेळी न चुकता शेरा देतो. तुला आजवर सलग तीन दिलेत, देविदास. सलग!"

छातीवर हात ठेवून सांगितलं हो त्यांनी. वर म्हणाले, "मुन्नाला मात्र दोनच. रस्सा सांडतो."

देविदासनं तांब्या खाली ठेवला. "पाचातले तीन, काका?"

"तीन म्हणजे समाधानकारक."

"काका, तिथं पाच म्हंजे ठीक. चार म्हंजे काही तरी चुकलं. तीन म्हंजे मी तुमचं पार्सल रस्त्यात उघडून खाल्लं."

मला हसू आवरेना आणि पोराकडं पाहून रडूही. वर त्यानं सांगितलं की निम्म्याहून जास्त लोक काही दाबतच नाहीत. सरासरी निघते ती दाबणाऱ्यांचीच. आणि आमच्या घरी तर कर्तव्य म्हणून रोज दाबत होते. जितका जीव जास्त, तितक्या ऑर्डरी जास्त, आणि तितके तीन जास्त.

ह्यांनी चष्मा लावून फोन हातात घेतला. मग जुने शेरे बदलायला बसले. बदलता येत नाहीत. मग कंपनीला 'उपरोक्त विषयास अनुसरून' असं लांबलचक पत्र पाठवलं, त्यात स्वतःची चूक कबूल केली. ताबडतोब उत्तर आलं: जेवण न आवडल्याबद्दल क्षमस्व, पुढच्या ऑर्डरवर सूट. हे इतके चिडले की मला वाटलं रक्तदाबाची गोळी द्यावी लागते.

आता उरलं एकच. सरासरी ताज्या शेऱ्यांची निघते, नवे आले की जुने मागं पडतात. म्हणजे रविवारपर्यंत पाच पडायला हवेत. संध्याकाळी हे बागेतल्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर गेले आणि तिथं तोंडी परिपत्रकच काढलं. तेव्हा उलगडलं की सगळा कट्टा ह्यांच्याच तालमीतला! त्यातले शेषराव म्हणे चार देण्याआधी रात्रभर विचार करायचे. आमच्या भागातल्या पोरांना ग्रहण लागलं होतं ते ह्या पांढऱ्या टाळक्यांचं.

मग आमच्याकडं इडल्या आल्या, भजी आली, पोहे आले. शेजारीपाजारी खाऊन कंटाळले. पण कोण पार्सल आणणार ते ॲप ठरवतं, आपण नाही. शनिवारी दारात उभा मुन्ना, आणि पिशवीतून चटणी गळतेय. ह्यांचं बोट दोनावर जाऊन थांबलं.

"पाच द्या," मी म्हटलं.

"अगं, चटणी सांडलीय!"

"त्याच्याही घरी कुणीतरी वाट पाहत असेल."

ह्यांनी डोळे मिटून पाच दिले. नंतर बराच वेळ गॅलरीत उभे होते. रविवारी देविदास तीनदा आला, तिन्ही वेळा पाच. तिसऱ्यांदा यंत्रानं विचारलं, काय आवडलं? ह्यांनी टाइप केलं: 'वर्तणूक उत्तम. बदली करू नये.'

सोमवारी संध्याकाळी मी हट्टानं ओट्याशी उभी राहिले. पिठलं टाकलं, भाकरी थापल्या. तेवढ्यात देविदास आला, हातात पिशवी नव्हती, आणि आयडी गेला या धास्तीनं माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

"चालू हाय, काकू! रातच्याला पाळी बी भेटली."

"कळवलं काय त्यांनी? कारण?" ह्यांनी विचारलं.

"काहीच न्हाई. बंद करताना बी सांगत न्हाईत, चालू ठेवताना बी न्हाईत. उद्या पुन्हा पडलं तर पुन्हा हेच."

"आमच्याकडं असं नव्हतं," हे तावातावानं म्हणाले. "प्रतिकूल शेरा असला तर त्या माणसाला लेखी कळवावा लागे. त्याला बाजू मांडायचा हक्क असे!"

"हा नियम घरी लागू नव्हता वाटतं?" मी विचारलं. "माझे वर्षानुवर्षांचे तीन मला कधी कळवलेत? बाजू मांडायला बोलावलंत?"

देविदास भाकरीकडं पाहू लागला. मी दोघांना वाढलं. पोरानं पोटभर खाल्लं आणि पाळीची वेळ झाली म्हणून पळाला. त्याची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात होते. माय एकटी राहणार नाही, या विचारानं गुडघासुद्धा हलका वाटत होता.

परत आले तर ह्यांचं ताट लख्ख. वाकडी भाकरीही ह्यांनीच खाल्लेली. हात न धुताच बसून होते.

"पाच," हे म्हणाले.

मला वाटलं भाकऱ्याच मोजतायत. "काय पाच?"

"तुला."

भांडं ठेवायचं निमित्त काढून मी पाठ फिरवली, कारण डोळे भरले होते. पण इतक्या वर्षांची फिर्याद अशी कशी सोडायची? "कारण?" मी विचारलं.

ह्यांनी खूप वेळ विचार केला. आयुष्यभर शेरे लिहिलेला माणूस, पण शब्द सापडेना.

"कारण सांगता येत नाही," हे म्हणाले.

बाजू मांडायचा माझा हक्क मी सोडून दिला आणि ह्यांना ताक वाढलं.