मंगळूच्या नावावरचं मरण

राहीचा नवरा मेला होता की पळाला होता, हे तीन वर्षं ठरत नव्हतं. ठरवणारे होते गावचे पोलीस पाटील महिपत, आणि ते काही लवकर ठरवणारे गृहस्थ नव्हते.

डोळखांबच्या डोंगराकडेला राहीचा पाडा. तिचा नवरा मुरबाडच्या रस्त्यावर खडी फोडायला गेला, त्याच पाड्यातला मंगळू त्याच्याबरोबर गेला. ऐन भाद्रपदात एकटा मंगळूच परत आला. त्याने सांगितलं, दादाला ताप भरला, बैलगाडीत घालून कल्याणला नेला, धर्मशाळेत त्याचा जीव गेला, तिथल्याच खाडीकडेच्या स्मशानात जाळला. सांगितलं ते खरं होतं. पण पाटलांना ते खरं नको होतं. जंगलखात्याच्या साहेबाचं सामान वाहायला वेठीला बोलावलं, तेव्हा राहीच्या नवऱ्याने चारचौघांत "मी काय कुणाचा बैल नाय" असं तोंडावर सांगितलं होतं. पाटील ते विसरले नव्हते. त्यांचं म्हणणं, तो खडीच्या मुकादमाला फसवून पळाला आणि मंगळू त्याचं पाप झाकतोय.

आता पाड्याचा रिवाज असा, की मेलेल्या माणसाचा चिरा बसवायचा. चिरा म्हणजे हातभर उंचीचा घडीव दगड. पाड्याच्या वेशीवर अशा दगडांची रांग आहे, आजे-पणजे सगळे तिथे उभे. माणूस जिथे जळला तिथली मूठभर माती दगडाखाली घालायची, मग त्याला जागा मिळते. आणि जागा मिळेपर्यंत त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. नाव ऐकलं की तो मागे वळतो आणि मग ना इकडचा ना तिकडचा, असा भटकत राहतो. हा रिवाज पाडा जीवापाड पाळायचा.

माती तर मंगळू कधीच आणणार होता. पाटील म्हणाले, कुठलीही माती आणशील, कागद आण. त्यांनी स्वतः चिठ्ठीवर नाव लिहून कल्याणच्या नगरपालिकेला धाडलं. उत्तर आलं, या नावाच्या माणसाच्या मृत्यूची नोंद आढळत नाही. झालं. पळपुट्याला चिरा नाही, असा निकाल पाटलांनी चावडीवर दिला. राही ना सवाष्ण राहिली ना विधवा. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, आणि कपाळ पुसलं तर "नवरा जिता असून पुसतेस?" हे ऐकून घ्यायचं. दोन्हीकडून मार.

राही मुकाट ऐकणारी बाई नव्हती. भात झोडून कणगीत पडलं तशी तिने मंगळूला अंगणात गाठलं आणि विचारलं, जाळलास ना खरंच? तो हो म्हणाला, पण मान खाली घालून. त्या खाली घातलेल्या मानेत काहीतरी आहे, एवढं तिला कळलं. ती म्हणाली, उद्या पहाटे आटगावच्या ठेशनाला जायचं, तू बरोबर चल. मंगळू टाळाटाळ करू लागला, पाय दुखतो म्हणाला, गाय व्यायला झालीय म्हणाला. राहीने ऐकून घेतलं आणि पहाटे त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

कल्याणला नगरपालिकेच्या कचेरीत जन्ममृत्यूचं टेबल कोपऱ्यात होतं. कारकून चष्म्यावरून बघणारा, पण स्वभावाने वाईट नव्हता, फक्त कामाने कंटाळलेला. त्याने मयताचं नाव विचारलं. राहीने मंगळूकडे पाहिलं, मंगळूने छपराकडे. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि चिरा नाही तोवर मंगळूही घेणार नाही. कारकून म्हणाला, नाव नाही तर शोधू काय, वर्षाअखेरी नावांची यादी करतो आम्ही, तीच बघायची. नावाशिवाय आलेली तुम्ही पहिलीच माणसं.

"नाव राहूं द्या," राही म्हणाली. "दिवस बघा. हरताळकेच्या दिवशी जाळला. तीन वरसं झाली."

कारकुनाने तारीख मागितली. तिने सांगितलं, आमच्याकडे तारीख नसते, हरताळका असते. तो हसला. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा शोधणं सोपं, असं त्याला वाटलं असावं. त्याने खणातून जुनं पंचांग काढलं, त्या वर्षीच्या हरताळकेची तारीख पाहिली आणि कपाटातून त्या वर्षाचं मृत्यूचं रजिस्टर ओढलं. नोंदी तारखेवारीच असतात, एकाखाली एक. त्या दिवशी पाच. दोन म्हाताऱ्या, एक बाळ, एक गाडीखाली सापडलेला हमाल. पाचवी नोंद वाचताना त्याचं बोट थांबलं.

"वस्ती डोळखांब," तो म्हणाला. "वय अदमासे तीस. ताप. धर्मशाळेत. मयताचं नाव मंगळू लखमा."

राहीने सावकाश मान वळवली. मंगळू लखमा तिच्या शेजारी जिवंत उभा होता.

"खबर देणाऱ्याचं नाव," कारकुनाने पुढचा रकाना वाचला आणि चष्मा काढला. "मंगळू लखमा. निशाणी अंगठा." म्हणजे मेलेल्या माणसाने स्वतः कचेरीत येऊन आपल्या मरणाची वर्दी दिली होती आणि खाली अंगठाही उठवला होता. तेव्हाच्या कारकुनाने डोळे मिटून लिहून घेतलं. सरकारी कामात डोळे मिटायची सोय असतेच.

मग मंगळूच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. कचेरीच्या खिडकीशी मेलेल्याचं नाव विचारलं तेव्हा दादाचं मढं अजून धर्मशाळेच्या ओट्यावर होतं, जळायचं होतं. त्याचं नाव कसं घ्यायचं? नाव नसेल तर चितेच्या लाकडाची चिठ्ठी मिळत नव्हती. म्हणून त्याने आपलं नाव दिलं. दादाला भटकत ठेवण्यापेक्षा आपण कागदावर मेलेलं बरं, असं त्याला वाटलं. नंतर कोणीतरी सांगितलं, सरकारला खोटं नाव दिलं की तुरुंग. तेव्हापासून तो गप्प होता.

राहीला राग आला आणि रडूही आलं. तीन वर्षं तिच्या कपाळाचा जो खेळ झाला तो ह्याच्या तोंडामुळे झाला. पण आपल्या माणसासाठी कोण स्वतःचं मरण लिहून देतं? तिने राग गिळला, रडणंही गिळलं, आणि कारकुनाला सांगितलं, हे खोडून खरं नाव लिहा.

कारकून म्हणाला, लिहिलेलं खोडता येत नाही, कायदाच तसा. मूळ नोंद तशीच राहते. समासात दुरुस्तीचा शेरा लिहिता येतो, पण त्यासाठी ज्यांना ठाऊक आहे अशा दोन माणसांनी जबानी द्यावी लागते, मग वरचे साहेब सही करतात. एक हा. दुसरा कोण?

दुसरा स्मशानात होता. भिमा नावाचा राखणदार, पन्नाशीचा, दांडग्या मिशांचा. त्याने मंगळूला पाहिलं आणि लगेच ओळखलं. चिठ्ठीवरचं नाव त्याने उतरून घेतलं होतं, पण मयत तुझा कोण असं विचारल्यावर हा माणूस बोलायचाच नाही, ओल्या लाकडांना फुंकर घालत बसायचा, म्हणून ध्यानात राहिला होता. दुपारभर एकटाच बसला होता, भिमा म्हणाला, आणि चिता विझली तशी तिच्या पाया पडून गेला. स्वतःच्या मढ्याच्या पाया कोण पडतो? भिमाची वही नगरपालिकेच्या वहीशी जुळत होती. चिठ्ठीचा नंबर तोच, दिवस तोच, जागा तिसरा चौथरा. भिमा कचेरीत यायला तयार झाला.

साहेबांपुढे जबान्या झाल्या. मंगळूचा अंगठा जुन्या अंगठ्याशेजारी उठवला, भिंग लावून पाहिला, जुळला. साहेब म्हणाले, ठीक, मयताचं खरं नाव काय?

भिमाला ठाऊक नव्हतं. मंगळूच्या ओठांना कुलूप. कारकुनाने दौतीत टाक बुडवून वर धरला होता आणि टाकाच्या टोकावर शाईचा थेंब जमला होता.

राहीच्या मनात पाटील उभे राहिले. नाव घेतलं नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून चिरा नाही, चिरा नाही म्हणून नाव घ्यायचं नाही. हा फास कोणी मुद्दाम वळला नव्हता, पण पाटलांनी तो अचूक उचलून तिच्या गळ्यात टाकला होता. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कान्हा," ती म्हणाली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, ते नाव तिने पहिल्यांदा उच्चारलं. "कान्हा धाऊ. लिवा."

मंगळूने कानांवर हात ठेवले. टाक चालू लागला.

नकलेचा कागद पदराच्या गाठीत आणि तिसऱ्या चौथऱ्याची माती फडक्यात, अशी राही चावडीवर आली तेव्हा पाटील पान लावत होते. त्यांनी कागद वाचला, दोनदा वाचला आणि खूश झाले. वर तर मंगळू मेलाय, ते म्हणाले. राहीने समासावर बोट ठेवलं, तिला अक्षर येत नव्हतं पण जागा पाठ होती. शिक्का होता, सही होती. पाटील शिक्क्याला घाबरणारे होते, म्हणून त्यांनी वाट बदलली.

"कागदावर नाव आलं कसं?" त्यांनी विचारलं. "कोन बोललं?"

"मी."

पाटील म्हणाले, चिरा बसायच्या आधी नाव घेतलंस, तेही नवऱ्याचं. आता तो वळला. आता चिरा बसवून फायदा नाय.

राही तिथून उठली ती सरळ वेशीवर गेली. पाठोपाठ अख्खा पाडा. घडवून ठेवलेला दगड तीन वर्षं मंगळूच्या गोठ्याशी पडून होता, तो चौघांनी उचलून आणला. रांगेच्या शेवटी खड्डा खणला. राही खड्ड्याशी उभी राहिली आणि पाटलांकडे वळली.

"नाव आयकून वळतो ना? मंग वळूं दे. मला तरी दुसरं काय पायजे?"

तिने मुरबाडच्या वाटेकडे तोंड केलं आणि हाक मारली. कान्हा. बायका तोंडाला पदर लावून मागे सरल्या. तिने पुन्हा हाक मारली, रानातून हाक मारतात तशी लांबवून. तिसऱ्यांदा मारली आणि थांबली. वाट उन्हात पांढरी पडली होती. सगळा पाडा त्या वाटेकडे बघत होता, पाटीलसुद्धा. राही सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बघत राहिली.

वाटेवर कोणी आलं नाही.

तेव्हा कुठे तिचं तोंड वाकडं झालं. तीन वर्षं ती भांडत होती की तो मेलाय, आणि तो मेलाय हे तिला आत्ता कळत होतं. ती खाली बसली, फडकं सोडलं आणि माती खड्ड्यात ओतली. हाताला लागलेली मातीही तिने झटकून आतच पाडली.

"धर रे मंगळू, दगड धर," ती रडत रडत म्हणाली. "आनि नाव घे त्याचं. घे म्हनते ना."

मंगळूने दगडाला खांदा लावला. त्याने आधी पाटलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मग मोठ्यानं नाव घेतलं.