झाकण माझं, पोट तिचं

थोरल्या सुनेच्या लेकीचं लग्न मोडता मोडता ज्या साली पार पडलं, त्याच साली गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यांना कोड चिकटले. मुलगी सासरी गेली, मागे सासरे अंथरुणाला खिळले, आणि थोरलीच्या हाताला उसंत म्हणून राहिली नाही.

घर एकच, पण चुली दोन. खाली थोरली, वर धाकटी जाऊ. नळ मात्र अंगणात दोघींचा मिळून एक. पालिकेनं ओल्या कचऱ्याचे डबे फुकट वाटले तेही एका साच्यातले, हिरवे. कोड लावायला आलेल्या पोरांनी बघितलं की डब्याचं अंग खरखरीत, त्यावर कागद काही धरत नाही. झाकण गुळगुळीत. मग काय, लावले झाकणावर आणि निघून गेले. दोन्ही कोड दिसायला सारखेच, काळ्या ठिपक्यांची खिचडी.

घंटागाडीबरोबर येणारी बाई मोबाईल त्या ठिपक्यांवर धरी. पडद्यावर घराचा नंबर उमटे. मग झाकण उघडून आत बघायचं आणि बटण दाबायचं. कचरा वेगळा केलेला असेल तर हिरवं, मिसळलेला असेल तर लाल, डबा बाहेर ठेवलाच नसेल तर तिसरं. लाल दाबलं की फोटो काढावाच लागे, त्याशिवाय ते पुढं सरकत नसे. लागोपाठ तीन लाल झाले की घर बंद. मुकादम उघडेपर्यंत त्या घराचा कचरा कुणी उचलायचा नाही.

थोरली कचरा निवडण्याच्या बाबतीत काटेकोर. भाजीची सालं ओल्यात, पिशव्या धुऊन सुक्यात, सासऱ्यांचे डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल खूण करून, वेगळ्या पिशवीत. गाडी यायच्या वेळी ती सासऱ्यांचं अंग पुसत असे, म्हणून डबा आधीच पायरीवर धाकटीच्या डब्याशेजारी ठेवून देई.

आणि तरी तिच्या नवऱ्याच्या मोबाईलवर निरोप आला, ‘कचरा मिसळलेला आढळला.’ पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला, आणि दुसऱ्या सकाळी डबा भरलेलाच पायरीवर राहिला. डायपरची पिशवीही.

थोरली ओल्या हातानं बाहेर धावली. “अहो बाई! उचलत का नाही?”

“काकू, तुमचं घर बंद दाखवतंय.”

“उघडून बघा ना! हात घाला! एक तरी प्लास्टिक सापडलं तर मला सांगा.”

बाईनं बघितलं. “आज चांगलाय हो. पण बंद घराचं मला काही दाबताच येत नाही. आणि न दाबता घेतलं तर वरचे माझीच हजेरी घेतात.”

“मग ते फोटो दाखवा.”

“फोटो माझ्याकडं राहत नाहीत. मुकादमाला दिसतात.”

वरच्या गॅलरीतून धाकटी खाली वाकली. “जाऊबाई, आमचा बघा, रोज हिरवा! ज्यांच्या घरात डायपर, त्यांचा लाल व्हायचाच की. जगाला कशाला दोष देता?”

“तू तुझी जीभ आत घे!” थोरली ओरडली. “तुझ्याच बापासारखा सासरा आहे तो. मी काढते, तू नाही!”

“मग काढा की! गल्लीभर वास कशाला?”

शेजारच्या दारांतून माना बाहेर आल्या. थोरलीनं पिशवी उचलली आणि दार असं आपटलं की भिंत हलली.

आत सासरे जागेच होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. तिनं पाण्याचा पेला तोंडाशी नेला तर त्यांनी ओठ घट्ट मिटले.

“प्या ना, मामंजी.”

“नको. तहान नाही.”

दुपारीही नको. संध्याकाळी पेज पुढं केली तर मान फिरवली. ओठ सुकून त्यांना पापुद्रे आले. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. पाणी पोटात गेलं नाही तर डायपर ओला होणार नाही, आणि सुनेवर कुणी ओरडणार नाही, असा हिशेब चालला होता म्हाताऱ्याचा.

“ही असली दया नको मला!” ती त्यांच्यावरच खेकसली, आणि मग पदर तोंडात कोंबून न्हाणीत गेली.

नवरा म्हणाला, “अगं, पिशवी नेऊन नाल्यापाशी टाकतो. कोण बघतंय?”

“टाकलीत तर याद राखा. मी चोर नाही. मुकादमाला बोलवा.”

सकाळी मुकादम गाडीबरोबर आला. त्यानं मोबाईल पुढं धरला. “बघा तुम्हीच. हा कोड तुमचा ना? फोटोखाली घराचा नंबर आहे.”

नंबर तिचाच होता. झाकण कलतं धरलेलं, खाली उघडा डबा, आत सालींमध्ये पिशव्या आणि केसांच्या कलपाची रिकामी पाकिटं. थोरलीनं मोबाईल जवळजवळ हिसकावला. डब्याची कडी तुटलेली होती आणि तिथं निळी सुतळी बांधलेली.

ती हळूच म्हणाली, “झाकण माझं. पोट तिचं.” मग आवाज चढला. “धाकटे! ये खाली! तुझा डबा आण!”

डबा आला. निळी सुतळी तशीच होती.

आता झाला प्रकार सगळ्यांच्याच लक्षात आला. नळावर डबे धुऊन झाकणं कठड्याला वाळत टाकायची दोघींची सवय. जिला जे हाताशी आलं ते तिनं बसवलं. चांगल्या डब्यावर धाकटीचा कोड, घाणेरड्यावर थोरलीचा. पुढच्या धुण्यात झाकणं आपसूक जागेवर आली, पण मधले लाल थोरलीच्या बोकांडी बसले ते बसलेच.

“आणि कलप गं कुणाचा?” शेजारीण दारातून म्हणाली. “तुझे केस तर माहेरून काळे आलेत ना?”

गल्ली हसली. धाकटीचा चेहरा उतरला. “मला काय माहीत झाकणं बदलली ते! मी मुद्दाम नाही केलं, जाऊबाई.”

“झाकण मुद्दाम नाही बदललंस. गॅलरीतून बोललीस ते?”

थोरली मुकादमाकडं वळली. “आता ते लाल पुसा.”

मुकादमानं कान खाजवला. “काकू, फोटो वर गेलेले पुसता येत नाहीत मला. घर तेवढं उघडता येतं. पण कारण निवडावं लागतं. ‘समज दिली’ किंवा ‘दंड घेतला’. दोनच आहेत.”

“‘आमची चूक’ असं नाही?”

“ते नाही दिलेलं.”

“मला समज दिली म्हणणार? मला? कागद तुम्ही झाकणाला चिकटवायचा, घाण तिनं करायची, आणि समज मी घ्यायची? नाही! नाही घ्यायची मला समज! तुमच्या त्या मोबाईलला शिकवा आधी!”

“मग अर्ज करा ऑफिसात. तोवर बंद राहील.”

दार उघडं होतं. आतल्या खाटेवरचे सुकलेले ओठ तिला तिथूनही दिसत होते. अर्ज करायची तिची तयारी होती. भांडायची तर होतीच, वर्षभर भांडली असती. पण म्हाताऱ्याची तहान तेवढी वाट बघणार नव्हती.

“दाबा,” ती म्हणाली. “दाबा ती समज. देव बघून घेईल तुम्हाला.”

मुकादमानं दाबलं. बाईनं कोडवर मोबाईल धरला, घर उघडलं होतं. डबा रिकामा झाला, डायपरच्या पिशव्या गाडीच्या वेगळ्या कप्प्यात गेल्या. मुकादमानं दोन्ही नंबर जाड शाईनं डब्यांच्या अंगावर लिहून दिले आणि नजर चुकवून निघाला. धाकटी पायरीवर उभी होती. थोरलीनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

“नेलं का?” सासऱ्यांनी विचारलं.

“नेलं. सगळं नेलं. आता मुकाट्यानं प्या, नाहीतर तुम्हालाही समज देईन.”

ते प्याले. अर्धं गळ्यावर सांडलं, तरी पेला संपवला. तिनं दुसरा भरला.

सासरे त्याच साली, थंडी सुरू होता होता, एका दुपारी वारले.