चार वाटे मटण, एक वाटा चरबी

भाविका मॅडमच्या ताटापर्यंत कबाब पोचलाच नाही. सळईवरून सोडवताना मध्येच तुटला, अर्धा निखाऱ्यात पडला आणि उरलेला माझ्या हातात चुरा होऊन आला. बर्गरची टिक्की निदान अख्खी होती. मॅडमनी एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि पाण्याची बाटली उघडली.

"संघप्रियाताई, पूर्वी तुमच्या गाडीवर खाल्लेलं हे नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी तुमचं नाव कमिटीपुढे हट्टाने टाकलंय. उद्या दुपारी परत करून दाखवा. उद्या नाही जमलं तर मात्र मी काही करू शकणार नाही."

भाविका मॅडम बेलापूरच्या एका कंपनीत कॅन्टीनचं बघतात. त्यांच्या कॅन्टीनमध्ये एक काउंटर रिकामा होता आणि आमची कबाबची गाडी पालिकेच्या नोटिशीने महिनाअखेर फुटपाथवरून उठणार होती. एकोणीस वर्षं त्या एका जागेवर उभी राहिलेली गाडी. दुसरीकडे कुठे उभं राहायला जावं तर तिथले आधीचे लोक अंगावर येतात. म्हणजे तो काउंटर मिळाला तरच अप्पांचं नाव आणि आमची चूल चालणार होती. नाही तर मी आणि आई, दोघी घरी बसणार होतो.

अप्पा म्हणजे माझे वडील, दत्तू खिल्लारे. जालन्याकडून आले, आधी हमाली केली आणि मग ही गाडी टाकली. पाच वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. डॉक्टरांनी चरबी बंद सांगितली, मी अप्पांकडून तसा शब्द घेतला आणि चरबीशी उभं वैरच मांडलं. गाडीवर मोठा बोर्ड लावला: 'चरबीमुक्त मटण कबाब आणि बर्गर. माझ्या वडिलांसाठी बनवते, तेच तुम्हाला देते.' आजूबाजूच्या कचेऱ्यांतले लोक कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट खिशात घेऊन आमच्याकडे रांग लावू लागले. मला भारी अभिमान होता त्या बोर्डाचा.

शेगडी मी सांभाळायची. खिमा आणायचा, कांदा, मिरची, कोथिंबीर, मसाला घालून मळायचा आणि डबा माझ्या हातात द्यायचा, हे काम मात्र अप्पांनी कधी सोडलं नाही. "बसून करायचं काम हाय, तेवढं राहू दे माझ्याकडं," म्हणायचे. दुपारी पहिला कबाब उतरला की मी त्यांच्यापुढे धरायची. ते तो मधोमध तोडायचे, तुटलेली बाजू उजेडात धरून बघायचे आणि आईकडे द्यायचे. "वेणू, तू खा. माझं पोट भरलंय." रोज हेच. ज्या माणसासाठी मी हे सगळं करते, तो माझ्या हातचा घास खात नाही, याचा मला इतका राग यायचा की कधीकधी दिवसभर मी त्यांच्याशी बोलत नसे.

जूनमध्ये अप्पा गेले. झोपेत गेले. पंधरा दिवसांनी गाडी परत लावली आणि तेव्हापासून कबाब बिघडला. जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, अप्पांच्या हाताची चव गेली. मीही तेच धरून बसले होते. बापाचा हात गेला म्हटल्यावर पोरीने काय करायचं?

मी काय काय केलं नाही! अंडं घातलं, भाजलेल्या चण्याचं पीठ घातलं, बर्गरमध्ये पावाचा चुरा घातला. कबाब सळईला धरून राहायचा, पण तोंडात भुशासारखा लागायचा. मग खूप मळून बघितला, तर रबर झाला. आच कमी केली, तर जास्त वेळ शेगडीवर राहून आणखीनच सुकला. आणि आज ज्या दिवशी सगळं बरोबर व्हायला हवं होतं, त्या दिवशी तो निखाऱ्यात पडला.

कॅन्टीनमधून निघाले ती तडक राजवर्धनच्या मटणाच्या दुकानात गेले. डोकं फिरलं होतं. गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणाले, "तू मला शिळं मटण देतोस. बापाच्या नावाला काळिमा फासलास!"

तो बिचारा गल्ल्यावरून उठून बाहेर आला. "ताई, आईशप्पथ, सकाळचं कापलेलं देतो. तुमी बोलता, रानाचं, मांडीचं मटण पाहिजे, एक कण चरबी नको. तर मी सुरीने सगळी साफ करतो, मशीन धुतो आणि मग तुमचा खिमा काढतो. आजून काय करू?"

"मग अप्पा न्यायचे तो कसा चांगला व्हायचा?"

"ते मला माहीत नाय. त्यांचा डबा आमचे बाबा आत बसून भरायचे. दुसऱ्या कोनाला हात लावू द्यायचे नाय. बाबांना इचारा, घरीच हायेत."

कमळाकरकाका, राजवर्धनचे वडील, दुकानामागच्याच घरात राहतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलं आणि अप्पा गेले त्याच सुमाराला त्यांनी दुकान सोडलं. खाटेवर बसले होते. मी उरलेल्या खिम्याचा डबा त्यांच्यापुढे आदळला. त्यांनी चिमूटभर खिमा उचलला, अंगठा आणि बोटामध्ये चोळला, मग अंगठा बोटावरून सरकवून बघितला.

"सुका हाय," ते म्हणाले. "बोटाला काय लागत नाय. कोनी दिला हा?"

"तुमच्या मुलाने. मीच सांगितलं होतं, बिनचरबीचा."

काका हसले. मला त्यांचा खूप संताप आला. "अगो, बकऱ्याच्या रानात असते किती चरबी? नावाला. त्याचा खिमा आगीवर गेला की मटण आवळतं, आतलं पानी पिळून टाकतं. आपन ओला कपडा पिळतो ना, तसं. चरबी असली की ती त्याच वक्ताला वितळते, दान्यादान्याच्या मधी जाते, घट्ट होऊ देत नाय. खाताना ओलं लागतं ते तिच्यामुळं. ती नसली की निसता कोरडा दाना राहतो, मग तो सुटनार नाय तर काय?"

"मग पीठ घातलं तर?"

"पिठानं चिकटेल. रस कुठून आननार?"

 काकांनी डबा झाकला आणि म्हणाले, "दत्तूचं माप ठरलेलं. चार वाटे मटण, एक वाटा चरबी. खांद्याचं मटण, आनि गुर्द्याभोवतीची पांढरी चरबी, गार करून त्याच्याबरोबरच काढायची. एक वाट्याच्या वर नाय. जास्त झाली की आगीत गळते, जाळ उठतो, कबाब आकसून सळईवरनं घसरतो. बर्गरला पन तेच माप."

"कधीचं माप हे?"

"पयल्यापासूनचं."

"बायपासनंतर?"

"तेव्हा पन तेच. तू बोर्ड लावलास त्या दिवशी आला होता. बोलला, कमळाकर, पोरगी हट्टाला पेटली हाय, तिला कळू देऊ नको. बिनचरबीचा कबाब एक दिस टिकनार नाय, अन ती मोडून पडेल."

मी उठले. चपला पायात सरकवल्या. माझ्या बापाने पाच वर्षं मला भर रस्त्यात खोटारडी बनवून उभी केली होती. त्या बोर्डाखाली उभी राहून मी लोकांना छाती ठोकून सांगत होते, खा, निर्धास्त खा. आणि आत पाचवा हिस्सा चरबी! मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, नाही तर त्या संध्याकाळी मी अप्पांना सोडलं नसतं. घरी आईलासुद्धा चार शब्द सुनावले. ती म्हणाली, "मला ठाव न्हवतं गं बाई. डबा तेच मळायचे." मला ते खरं वाटलं नाही.

सकाळी राजवर्धनला म्हटलं, चार किलो खांदा, एक किलो गुर्द्याची चरबी. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सुरी उचलली. मी मीठ-मसाला घालून मळला, खिमा बोटांना चिकटायला लागला तिथे थांबले आणि डबा बर्फाच्या पेटीत ठेवला. कॅन्टीनच्या मागच्या अंगणात शेगडी पेटवली. आई सळया भरत होती. पहिला कबाब चरचरला, चरबीचे दोन-चार थेंब, जे मी पाच वर्षं मटणाचा रस समजत होते, निखाऱ्यावर पडले आणि तो वास आला. अप्पांच्या गाडीचा वास. मी राग विसरून रडायला लागले. आई सळई फिरवत राहिली.

कबाब अख्खा सुटला. भाविका मॅडमनी खाल्ला. मग बर्गरची टिक्की खाल्ली. मग बोटं पुसत हसल्या. "हेच! हेच मला पाहिजे होतं. आणि ह्यात फॅट नाही म्हणजे कमालच आहे. हेल्दी मेनूमध्ये पहिलं नाव तुमचं टाकते."

आता फक्त मान डोलवायची होती. गाडी वाचत होती, अप्पांचं नाव वाचत होतं, कोणाला काही कळणार नव्हतं. अप्पांनी डोलवलीच असती. पण पाच वर्षं मला माहीत नव्हतं आणि आज माहीत होतं.

"मॅडम, ह्यात शंभराला वीस चरबी आहे," मी म्हणाले. "वरून घातलेली. गाडीवर तुम्ही खायच्या त्यातही तेवढीच होती. मला कालच कळलं. कालचा चुरा झाला ना, तो खरा चरबीमुक्त."

त्यांचं हसू गेलं. दोन्ही ताटांकडे बघत त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं लोकांना खोटं सांगून... आणि बोर्डावर तर वडिलांसाठी लिहिलंय. हार्ट पेशंट होते ना ते? त्यांनापण हेच खायला घातलंत?"

 रागाच्या भरात हा विचार मी केलाच नव्हता.

आई सळया खाली ठेवून पुढे आली. मोठ्या साहेबांपुढे ती कधी बोलत नाही. "त्यांनी कुठं खाल्लं, मॅडम? पाच वर्षांत एक घास न्हाई. तोडायचे, बगायचे अन मला द्यायचे. पोरीला सबूद दिला होता ना, चरबी खानार न्हाई म्हनून."

 मी शेगडीजवळच खाली बसले.

मॅडमनी उरलेला अर्धा कबाब उचलला आणि संपवला. "हेल्दी मेनूत नाही घेता येणार," त्या म्हणाल्या. "साध्या मेनूत घेते. बोर्ड नवा करा आणि त्यावर वीस टक्के स्वच्छ लिहा. ज्याला खायचं तो बघून खाईल. सोमवारपासून या."

मी हात जोडले. 

दुपारी नळावर आम्ही दोघी सळया घासत होतो. मी आईला म्हटलं, "आणि मी त्यांच्यावर फुगून बसायचे. रोज म्हणायचे, पोट भरलंय, पोट भरलंय."

आईने सळई उलटी केली आणि दुसऱ्या बाजूने घासायला घेतली. "पोट कुठलं भरतंय," ती म्हणाली. "घरी आल्या आल्या भाकर मागायचे."