गेटावरची यादी

नरसिंगला आयुष्यात एक गोष्ट पक्की ठाऊक होती: मोठ्या माणसाला प्रश्न विचारायचा नाही. ही अक्कल त्याला फुकटात आली नव्हती. विशीत असताना तो रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. एके दिवशी सहज, अगदी साध्या तोंडानं, त्यानं मुकादमाला विचारलं, "मालक, हे काम अजून किती दिवस चालंल?" मुकादम हसला. दुसऱ्या दिवशी हजेरीत त्याचं नाव नव्हतं. बास, एवढंच. मारहाण नाही, शिवी नाही. नाव तेवढं उडालं, आणि अख्खा उन्हाळा घरात चूल कशी पेटली ते नरसिंगलाच माहीत.

त्यानंतर तीस वर्षं हा माणूस ज्याच्या त्याच्यापुढं मान हलवत जगला. बौद्ध झाला, जयंतीला निळा झेंडा खांद्यावर घेऊन औरादच्या रस्त्यानं नाचला, लेकाला शाळेत घातलं; पण टेबलाच्या पलीकडं खुर्चीत कुणी बसलेलं दिसलं की त्याचे हात आपोआप जुळायचे. भल्या माणसा, टेबलालाही नमस्कार करशील, असं त्याची बायको विमलबाई म्हणायची.

लेक मात्र वेगळा निघाला. भीमराजनं बिदरला आयटीआयमधून फिटरचा कोर्स केला, एक वर्ष अप्रेंटिसशिपही काढली. हात असा साफ की लोखंडाच्या तुकड्यावर कानस फिरवायचा आणि तिथले गुंडेराव मास्तर मापून बघायचे, तर सुतभर फरक नाही. पण सर्टिफिकेट घेऊन पोरगा चार वर्षं नुसता फिरला. दाखल्यावर बौद्ध लिहिलेलं, आणि बौद्धांना तेव्हा सरकारी भरतीत सवलत नव्हती. आणि सवलत नाही म्हणजे नंबर लागत नाही. शेवटी सत्याऐंशी साली, जयंती होऊन आठवडाच झाला होता, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आलं. बिदरच्या बाहेर कोळारला पंपांचा एक खासगी कारखाना फिटर घेणार होता. जागा दोनच. वयाची अट पंचवीस, आणि भीमराजला सप्टेंबरात पंचवीस पुरी होणार होती. हुकली तर दुसरी संधी नाही, हे घरात तिघांनाही कळत होतं.

निघण्याआधी भीमराज गुंडेराव मास्तरांकडं जाऊन आला. मास्तरांनी एकच गोष्ट तीनदा बजावली. "अर्ज देतानाच साहेबाला विचारून घे. भरतीचे टप्पे किती, कुठला टप्पा साधारण कधी, आणि दरवेळी कळवणार कसं. नीट विचारलंस तर कुणी रागावत नाही. न विचारता घरी बसलास तर मात्र बसूनच राहशील."

नरसिंग लेकाबरोबर गेला. जायचं काय कारण होतं? काही नाही! कागदांची पिशवी सांभाळायला म्हणे. चोवीस वर्षांच्या पोराची पिशवी!

कारखान्याच्या ऑफिसात भरतीचे साहेब होते अमृतप्पा. धारवाडकडचा माणूस, चष्मेवाला, मराठी मोडकीतोडकी पण आवाज मऊ. त्यांनी सर्टिफिकेटं एकेक करून पाहिली, नावापुढं खूण केली आणि म्हणाले, "झालं. जा."

भीमराज हलला नाही. घसा साफ करून म्हणाला, "साहेब, एक विचारू का? भरतीचे एकूण टप्पे किती हाईत? आणि अंदाजे कुठला कधी होईल, कळवणार कसं, तेवढं सांगितलात तर तयारीत राहता येईल."

अमृतप्पांनी पेनाला टोपण लावलं. चष्म्यावरून पोराकडं पाहिलं. नरसिंगला खुर्चीतला साहेब दिसेना, तीस वर्षांपूर्वीचा तो हसरा मुकादम दिसू लागला. साहेब ड्रॉवर उघडून एक कागद काढत होते, "बैस, सांगतो. पहिली लेखी—" एवढं बोललेही होते, पण नरसिंगच्या कानावर ते पोचलंच नाही. त्यानं पुढं होऊन लेकाचा दंड धरला आणि दोन्ही हात जोडले.

"चुकलं साहेब! पोर हाय, येडं हाय. त्याला न्हाई कळत. तुम्ही म्हणाल तवा, तुम्ही म्हणाल तसं. आमचं काय म्हणणं न्हाई."

"अरे, यात चुकलं काय?" अमृतप्पा म्हणाले. पण नरसिंग वाकत-वाकत, पोराला ओढत दाराकडं निघालाही होता. मागं चाळीस पोरांची रांग. साहेबांनी खांदे उडवले, कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि पुढच्याला हाक मारली.

बाहेर येताच भीमराजनं हात झटकला. "अप्पा, काय करायलाव तुम्ही? साहेब सांगायलेते की!"

"नाव लक्षात राहिलं असंल त्याच्या. उलटून बोलणारा म्हणून खूण केली असंल."

"मी कवा उलटून बोललो? मी परत जाऊन विचारतो."

"माझ्या गळ्याची आण हाय तुला!" नरसिंग रस्त्यावरच ओरडला. "कागद येईल घरी. कागद आल्याबगर ह्या गेटाकडं फिरकायचं न्हाई."

बापानं गळ्याची आण घातल्यावर पोरगा काय करणार? बापामागं चालू लागला. घरी आल्यावर विमलबाईनं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "विचारलं तर काय फाशी देतेत का? कामून अडवलाव त्याला?" नरसिंग म्हणाला, तुला न्हाई कळत. घरातल्या कुणालाच काही कळत नव्हतं, सगळं कळणारा तो एकटाच!

आणि दैव तरी कसं बघा. मे महिन्यात कागद आला: लेखी परीक्षा. भीमराज पास झाला. जूनमध्ये पुन्हा कागद आला: हाताच्या कामाची परीक्षा, लोखंडाच्या तुकड्याला खाच पाडून दुसरा तुकडा तीत बसवायचा. नरसिंगची छाती फुगली. पोस्टमन वस्तीत यायचा नाही, गावातल्या किराणा दुकानात कागद ठेवून जायचा. दोन्ही वेळा नरसिंगनंच तो दुकानातून आणून बायकोच्या हातात दिला. "बघ! येतो का न्हाई कागद? न विचारता येतो."

हाताची परीक्षा देऊन भीमराज बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. तुकडा असा बसला होता की फटीतून उजेड दिसत नव्हता. "फोरमननं पाठ थोपटली, अप्पा. आता जरा ऑफिसात डोकावून येतो, पुढं काय ते..." पण नरसिंग गेटासमोर उभाच होता. आण आठवण करून द्यायलाच जणू आला होता. त्यानं पोराला थेट औरादच्या बशीत बसवलं.

मग वाट बघणं सुरू झालं. नरसिंग रोज सकाळी दुकानात जायचा. जून गेला, अख्खा जुलै गेला. दुकानदार लांबूनच मान हलवायचा. "मी एकदा जाऊन बघू का, अप्पा?" असं भीमराजनं तीनदा विचारलं. तीनदा नरसिंग म्हणाला, साहेबाच्या डोक्यात जाशील, झालेलं काम नासवशील. चौथ्यांदा पोरानं विचारलं नाही. त्याचं जेवण कमी झालं, बोलणं तुटलं. विमलबाई नवऱ्याशी कामापुरतं बोलू लागली.

ऑगस्टच्या मधल्या सोमवारी औरादच्या बाजारात नरसिंगला गुंडेराव मास्तर भेटले. मास्तरांनी रामराम घ्यायच्या आधीच विचारलं, "नरसिंग, भीमराज आजारी होता का रे?"

"न्हाई की मास्तर. कामून?"

"मग मुलाखतीला का आला नाही? माझा दुसरा एक विद्यार्थी होता यादीत, तो सांगत होता. भीमराजचं नाव दोन नंबरला होतं. पहिल्या तीन जणांना बोलावलं होतं. हा आलाच नाही."

बाजार तसाच चालू होता, मिरच्यांचा ठसका तसाच. नरसिंग तिथंच, मातीत, खाली बसला.

दुसऱ्या दिवशी घरी काही न सांगता तो कोळारला गेला. अमृतप्पांनी त्याला लगेच ओळखलं. असा वाकणारा माणूस ते कसे विसरतील! नरसिंगनं हात जोडले नाहीत. जोडायचे त्याला सुचलेच नाहीत. तो म्हणाला, "साहेब, त्या दिवशी पोरानं विचारलेलं... ते काय होतं? सांगा मला."

अमृतप्पांनी ड्रॉवरमधून कागद काढला आणि वाचून दाखवला. पहिली लेखी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, पोस्टानं कळवायची. दुसरी हाताची परीक्षा, जूनमध्ये, तीही पोस्टानं. तिचा निकाल तीन आठवड्यांत, जुलैच्या पहिल्या सोमवारी, गेटावरच्या बोर्डावर. तिथून पुढं पोस्ट नाही. मुलाखत त्याच आठवड्यात गुरुवारी. निवड झाली की चार दिवसांत डॉक्टरी तपासणी. एक ऑगस्टला हजर.

"बस, इतकंच," साहेब म्हणाले. "प्रत्येकाला आपणहून सांगत बसायला वेळ नसतो. पण विचारलं तर सांगतोच. चाळीस पोरांत तुमच्या एकट्यानं विचारलं होतं. मला बरं वाटलं होतं."

सांगायला दोन मिनिटंही लागली नव्हती.

"आता काय न्हाई का होणार, साहेब?"

"तिसऱ्या नंबरच्या पोराला घेतलं. दोन्ही जागा भरल्या." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "शुक्रवारपर्यंत वाट बघितली मी. तुमच्याकडं फोन कुठला! पुढची भरती दोन-तीन वर्षं तरी नाही. आणि वय..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. वाईट त्यांनाही वाटत होतं, पण त्या वाटण्याचा आता उपयोग नव्हता.

नरसिंग संध्याकाळच्या बशीनं परतला. वाटेत दोनदा त्याला वाटलं, सांगू नये. यादीत नावच नव्हतं म्हणावं, पोरगा दोन दिवस रडेल आणि सुटेल. पण मास्तर आज ना उद्या सांगणारच. शिवाय हाताला यश नव्हतं असं पोराला वाटू देणं हे नरसिंगला त्याहून मोठं पाप वाटलं. एवढी तरी लाज त्याच्यात शिल्लक होती.

भीमराज अंगणात पिशवी भरत होता. शहाबादच्या फरशीच्या खाणीवर माणसं घेत होते, वस्तीतले चौघं उद्या निघणार होते. पोरानं जायचं ठरवलं होतं आणि बापाला विचारलंही नव्हतं. विमलबाई उंबऱ्यावर बसून भाकरी फडक्यात बांधत होती.

नरसिंगनं सगळं सांगितलं. बोर्ड, सोमवार, गुरुवार, दोन नंबर, एक ऑगस्ट. मधे कुठं थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढं बोलवलं नसतं. विमलबाईचे हात फडक्यावर तसेच राहिले.

"चूक माझी हाय, भीमा," तो शेवटी म्हणाला. "तू बरोबर विचारलेलास. मी तुझं तोंड दाबलो. माझ्या भेवापायी गेली तुझी नोकरी."

त्याला वाटलं, पोरगा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. निदान 'जाऊ द्या अप्पा' तरी म्हणेल, असं मनाच्या एका कोपऱ्यात त्याला वाटत होतंच; पोरगा लहानपणापासून तसाच मवाळ.

भीमराजनं बापाकडं नीट पाहिलं. मग पिशवीची गाठ आवळत तो म्हणाला, "व्हय."

आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपला, कारण पहाटेची बस गाठायची होती.