मागचं रीडिंग

पाचशे त्र्याण्णव. शायनीने वजाबाकी दोनदा केली. आताचं रीडिंग १८८३६, मागचं १८२४३. बरोबर होती.

मीटरवाला सकाळीच येऊन यंत्रातून बिलाची पट्टी फाडून देऊन गेला होता. चार हजार नऊशे सोळा रुपये. अम्माचीने, म्हणजे सासूबाईंनी, ती पट्टी उकडलेल्या कप्पा-कंदाच्या ताटलीशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "शायनी, तू बघ. हिशेबातलं तुलाच कळतं."

जिस्मी, धाकटी जाऊ, मासळीचं भांडं घासत होती. तिचा हात थांबला.

एप्रिलमध्ये तिच्या खोलीत एसी बसला तेव्हा अम्माचीने अट घातली होती. दोन महिन्यांत पाचशे युनिट ओलांडले तर एसी उतरवायचा. पाचशेपर्यंत पहिल्या शंभराला एक दर, पुढच्या शंभराला त्याहून जास्त, असं पायरीपायरीने चढत जातं. पाचशेच्या पुढे गेलं की पायऱ्याच मोडतात. पहिल्या युनिटापासून सगळ्यांना एकच दर, आणि स्थिर आकारही वाढतो.

शायनीचा नवरा चौदा वर्षं कुवेतला. तो तिथे दिवसरात्र एसीत झोपतो, ती इथे पंख्याखाली. जिस्मीचा एसी भिंतीपलीकडे घुमायचा आणि त्याचं पाणी हिच्या खिडकीखालच्या मिरवेलीवर ठिबकायचं. वेल मात्र यंदा छान पसरली होती. तेही शायनीला आवडलं नव्हतं.

तिने पेन्सिल घेतली. पाचशे त्र्याण्णव गुणिले पावणेसात, चार हजार दोन रुपये पंचाहत्तर पैसे. स्थिर आकार चारशे चाळीस. वीजशुल्क दहा टक्के. इंधन अधिभार युनिटला दहा पैसे. मीटरभाडं. पैशाचीही चूक नव्हती. तिला आतून गार वाटलं.

"चेची, पुन्हा एकदा बघा ना," जिस्मी म्हणाली; थोरल्या जावेला ती चेची, म्हणजे ताई, म्हणायची. "मी टायमर लावते. एका तासाने आपोआप बंद होतो."

"मीटरला टायमर दिसत नाही गं. त्याला युनिट दिसतात."

"मागच्या वेळी किती होते?" अम्माचीने विचारलं, जणू त्यांना आठवत नव्हतं. दोन महिने त्या शेजारणींना तेच सांगत होत्या.

"एकशे बहात्तर."

"बघ जिस्मी. तेही याच घरात."

शायनीने मागचं बिल डब्यातून काढलं, दाखवायला. त्याच्या खाली आधीच्या बिलांचे युनिट छापलेले होते. तीनशे एकेचाळीस, तीनशे अठ्ठावन्न, तीनशे सत्तेचाळीस. मग एकदम एकशे बहात्तर. फ्रिज तोच, पंप तोच, इस्त्री तीच. हा आकडा तिने कधी तपासला नव्हता. कौतुकाची कोण बेरीज-वजाबाकी करतं?

मागच्या रीडिंगच्या दिवशी सगळे मलयाट्टूरच्या यात्रेला निघाले होते. दाराला कुलूप लागणार म्हणून रीडिंग तिनेच फोनवरून कळवलं होतं. फोटो काढला होता, पण पाठवला नव्हता. गाडी हॉर्न देत होती.

तिने फोन उघडला. फोटोत मीटर स्वच्छ दिसत होता. १८४२३.

तिने कळवलं होतं १८२४३.

मागच्या बिलात एकशे ऐंशी युनिट कमी धरले गेले, ते या बिलात येऊन बसले होते. खरे युनिट चारशे तेरा. मागचे खरे तीनशे बावन्न. फरक एकसष्ट, आणि दोन रीडिंगमधले दिवसही एकसष्ट. म्हणजे रोज एक युनिट, एसीचा जेमतेम एक तास. पोरगी खरं बोलत होती.

फोन बंद करून तिने तो पालथा ठेवला. पेन्सिलीने केलेली आकडेमोड समोरच होती, सगळी बरोबर. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. कोणी विचारलं नसतं. रविवारी मेकॅनिक आला असता आणि भिंत शांत झाली असती.

"मग?" अम्माची म्हणाल्या. "त्या एसीवाल्या पोराला फोन करू का, उतरवायला?"

जिस्मी ओले हात नायटीला पुसत उभी राहिली. रडली असती तर शायनीला सोपं गेलं असतं.

"नको," शायनी म्हणाली. "बिल चुकलंय."

"मीटरवाल्याने केली ना गडबड? मला वाटलंच होतं. सारखा फोनवर बोलत असतो."

ते 'हो' अगदी जिभेवर होतं.

"नाही. मागचं रीडिंग मी चुकीचं कळवलं होतं. फोटो आहे. उद्या ऑफिसात अर्ज देते, दोन्ही बिलं दुरुस्त करतील. मागच्यात बाराशेच्या वर वाढतील, यातले सव्वादोन हजार कमी होतील."

अम्माचीने चष्मा काढला. "म्हणजे ते एकशे बहात्तर..."

"तीनशे बावन्न होते."

"अगं, मी अख्ख्या चर्चमध्ये सांगितलं."

"तेही दुरुस्त करावं लागेल, अम्माची."

जिस्मीला हसू आलं, तिने ते भांड्याकडे वळून लपवलं. मग म्हणाली, "चेची, दुपारी माझ्या खोलीत येऊन पडत जा ना. तास तोच, दोघींना मिळेल."

शायनीने कागदाची घडी घातली. इतकं सहज देता येणं, याचाही तिला हेवा वाटला.

"बघू," ती म्हणाली.