सिंहस्थाच्या भावाने

ढुंढिराजशास्त्र्यांनी पंचवटीतल्या आपल्या दोन खोल्या सूतिकागृहाला दिल्या, तेव्हा अख्ख्या घाटावर चर्चा झाली. यात्रेकरू उतरवायच्या खोल्या त्या. तिथं आता गरिबांच्या बायका बाळंत होणार! "उपाध्यायांच्या दारात रोजचा सोयर, आता यजमान कशाला पाय ठेवतील?" असं लोक तोंडावर बोलले. शास्त्रीबुवा कुणाला भीक घालतील तर शपथ. "ज्यांना विटाळ वाटतो त्यांनी दुसरीकडे उतरावं," म्हणाले, आणि स्वतः उभे राहून खोल्यांना चुना काढून घेतला.

त्यांच्या सुनेला, श्यामलाला, त्या दिवशी सासऱ्यांचा इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही. ती मुलींच्या शाळेत मास्तरीण, आणि सूतिकागृहाच्या मंडळाची चिटणीस. त्यामुळे पुढचं सगळं तिच्याच गळ्यात आलं.

झालं असं, की मुंबईच्या एका शेठजींच्या धर्मादाय निधीनं कळवलं: गाव जेवढं घालील तेवढंच आम्ही घालू, सहाशे रुपयांपर्यंत. रोख नसेल तर वस्तू चालेल, जागा चालेल, कुणी फुकट काम करत असेल तर तेही धरू. पण बाजारात त्याला जे मोल पडतं तेवढंच. सहाशे आले की सहा लोखंडी खाटा आणि वर्षभर शिकलेली नर्स. ओल्या बाळंतिणीला जमिनीवर निजवायचं दुःख श्यामलानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला ते सहाशे हवेच होते.

अंदाजपत्रक शास्त्रीबुवांनी एका बैठकीत उरकलं. "सूनबाई, बघ, बरोब्बर सहाशे!"

तिनं वरून खाली वाचलं. रोख वर्गणी एकशेतीस, ती खरी. पण दोन खोल्यांचं वर्षाचं भाडं? तीनशे साठ!

"मामंजी, महिन्याला तीस रुपये कुठून आले?"

"कुठून म्हणजे? परवाच्या सिंहस्थात मिळाले की! पावत्या आहेत माझ्याकडे. मी खोटं लिहीन होय?"

खोटं नव्हतंच ते. सिंहस्थात साऱ्या हिंदुस्थानचे लोक गोदेवर लोटतात, तेव्हा नाशकात गोठ्यालासुद्धा भाडं येतं. पण सिंहस्थ बारा वर्षांनी. एरवी त्याच खोल्यांचे महिन्याला दहा रुपये आले तर नशीब, हे श्यामलाला ठाऊक, शास्त्रीबुवांना ठाऊक आणि घाटावरच्या पोरासोरांनाही ठाऊक. आता हे सासऱ्यांना सांगायचं कसं? ज्या माणसानं गावाची तोंडं सोसून खोल्या दिल्या, त्याला म्हणायचं की तुमच्या दानाची किंमत एवढी नाही?

तिनं अक्कल चालवली. आधी स्वतःवर सुरी धरली. शास्त्रीबुवांनी तिच्या कामाचे ऐंशी लिहिले होते, मास्तरणीच्या पगाराच्या हिशेबानं.

"हे कापायचं, मामंजी. तिथं मी काय शिकवते? झाडते आणि पाणी तापवते. मी नसते तर मोलकरीण ठेवावी लागली असती, महिना दोन रुपयांवर. माझे चोवीस."

"अगं, तू फायनलपर्यंत शिकलेली!"

"केरसुणीला ते कळतं थोडंच?"

शास्त्रीबुवांना हसू आलं, पण आवरलं त्यांनी. शेजाऱ्यांनी दिलेल्या चार जुन्या खाटा नव्याच्या भावानं तीस धरल्या होत्या. जुन्या बाजारात आज काय येईल ते विचारून त्यांचे सोळा झाले. मग श्यामलाचं बोट खोल्यांच्या ओळीवर आलं. शास्त्रीबुवा काय ते समजले. तांबडेलाल झाले.

"म्हणजे माझ्यावर आलीस तर! मी दिलेलं दान, त्याला मीच कमी लेखू?"

"दान कमी नाही हो, मामंजी. दानाला कोण मोजतंय? ह्या खोल्या फुकट मिळाल्या नसत्या, तर आपण बाहेर काय भाडं भरलं असतं, एवढंच निधीला हवंय. महिना दहा. वर्षाचे एकशेवीस."

शास्त्रीबुवा पंचा झटकून उठले आणि माजघरात गेले. जेवताना आमटी पुन्हा मागितली नाही, म्हणजे रागाची कमाल झाली.

दुसऱ्या दिवशी श्यामला कागद घेऊन आबिदाबीकडे गेली. आबिदाबी विणकराची बायको, गावातली नावाजलेली सुईण. सूतिकागृहात ती एक पैसा घेणार नव्हती, आणि म्हणूनच शास्त्रीबुवांच्या कागदावर तिचं नावच नव्हतं! फुकटच्या कामाला रकाना कशाला, असा त्यांचा साधा हिशेब.

"बाहेर एका बाळंतपणाचे काय घेता, आबिदाबी?"

"दोन रुपये. पण इथं नाय घेणार, ताई, सांगितलं ना एकदा!"

"घेऊ नका. लिहू तर द्या!" वर्षात साठेक बाळंतपणं धरली, होतील तेवढीच शेवटी मोजायची. आकडा आला एकशेवीस. श्यामलानं पुन्हा मांडून पाहिला. तेवढाच आला.

सगळं मिळून चारशे दहा. सहाच्या चार खाटा झाल्या, आणि नर्सचे दोन महिने गेले. श्यामलाला वाईट वाटलं, फार वाटलं. तरी तिनं तोच कागद पाठवला.

निधीचे तपासनीस आले ते आदल्या दिवशी बाजारात भाव विचारूनच. पुढच्या खोलीत मंडळी जमली. शास्त्रीबुवा पगडी घालून भिंतीशी, श्यामलाचा चार वर्षांचा विनू त्यांच्या मांडीवर, आबिदाबी दाराशी.

"शास्त्रीबुवा, घाटाजवळच्या खोल्या, आणि महिना दहाच?" तपासनिसांनी विचारलं. "इथले लोक तर तीस-तीस सांगतात."

श्यामलानं सासऱ्यांकडे पाहिलं. आता हे सिंहस्थ काढणार!

"सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, साहेब," शास्त्रीबुवा खणखणीत आवाजात म्हणाले. "बायका रोज बाळंत होतात. दहाच लिहा."

तपासनीस मोठ्यानं हसले. पण पुढच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "ह्या सुईणबाईंचे एकशेवीस. शास्त्रीबुवांच्या दोन खोल्यांइतके? बाई, दोन रुपयांचा काही पुरावा?"

"आमच्यात पावती कोण देतंय, साहेब?" आबिदाबी म्हणाली. "पोर जगलं, हीच पावती."

"मला भाव दिल्याचा दाखला लागेल. नाहीतर हे एकशेवीस कापावे लागतील."

बरीच बिऱ्हाडं होती जिथं आबिदाबी मागच्या दारानं आली होती. पण चारचौघांत तसं सांगायचं कुणी? उपाध्यायांच्या घरात तर नावच नको. श्यामलानं तोंड उघडलं, तेवढ्यात शास्त्रीबुवा उठले. विनूला त्यांनी कडेवर घेतलं.

"हा दाखला. माझा नातू. दोन दिवस सूनबाई अडली होती, वैद्यांनी हात टेकले होते. ह्या बाईनं माझ्या घरात येऊन दोघांना वाचवलं. मी माझ्या हातानं तिला दोन रुपये दिले. लिहा, मी सही करतो."

आबिदाबीनं पदर डोळ्यांना लावला. तपासनिसांनी दौत पुढं सरकवली आणि हळूच म्हणाले, "अशा कामाचे दोनच, शास्त्रीबुवा?"

शास्त्रीबुवांनी विनूला छातीशी धरलं. "माझा जीव ओवाळून टाकला असता तरी कमीच होतं, साहेब. पण दिले दोन. दोनच लिहा."

आणि त्यांनी आबिदाबीच्या नावाखाली ठसठशीत सही केली. श्यामला सासऱ्यांकडे बघत राहिली. अभिमानानं तिचा ऊर इतका भरून आला, की गेलेल्या दोन खाटांचं दुःख तिला त्या घटकेला आठवलंच नाही.