दिलं नाही, द्यायचं नाही

वॉर्डात तिला सगळे 'टॉपर' म्हणत. बाहेरून आलेल्या नर्सना इथल्या भाषेची परीक्षा द्यावी लागे आणि तिने त्या परीक्षेत शंभरपैकी शहाण्णव मार्क काढले होते. तोंडी परीक्षेत 'माझी सकाळ' या विषयावर बोलायला सांगितलं, तेही तिने पाठ करून घडाघडा म्हणून दाखवलं. नावात आधी कौतुक होतं. पण ती बोलायला लागली तशी त्यात हळूहळू टोमणा शिरला. कारण टॉपर बोलायला लागली की ऐकणाऱ्याचा जीव खालीवर व्हायचा.

"आजोबा जेवण... आजोबांनी जेवण केला... केलं," ती म्हणायची. चूक तिला ऐकू यायची, पण ती तोंडातून बाहेर पडल्यावर. घरी बसून वाक्य लिहायला दिलं असतं तर 'ने' कधी लागतो, क्रियापद कोणाच्या मागे जातं, हे तिने नियमासकट सांगितलं असतं. तिच्या स्वतःच्या भाषेत क्रियापद असं कोणाच्या मागे धावत नाही. इथे प्रत्येक वाक्यात तिला थांबून बघावं लागे: गोळी ती, औषध ते, डोस तो. तेवढ्यात समोरचा पुढच्या वाक्यावर पोचलेला असे.

दुपारी दोनला पाळी बदलायची. जाणाऱ्या नर्सने येणाऱ्या नर्सला प्रत्येक पेशंटची हकीकत सांगायची, याला तिथे 'ओव्हर देणं' म्हणत. बावीस पेशंट, वीस मिनिटं. त्या मंगळवारी एक पेशंट नुकताच ऑपरेशनहून आला होता, फोन खणखणत होता, आणि ओव्हर घेणाऱ्या नर्सचा एक डोळा घड्याळावर होता.

सात नंबरला एक रिटायर्ड शिंपीकाका होते. डायबेटिस जुना, दोन्ही वेळच्या जेवणाआधी इन्सुलिन. त्या दिवशी सोनोग्राफीसाठी त्यांना उपाशी ठेवलं होतं, म्हणून दुपारचं इन्सुलिन थांबवलेलं. सोनोग्राफी आटोपली आणि डॉक्टर सांगून गेले, आता जेवू द्या आणि इन्सुलिन द्या. ताट येतच होतं. टॉपरला एवढंच सांगायचं होतं: इन्सुलिन अजून दिलं नाही, आता द्यायचं आहे.

"सात नंबर," ती म्हणाली. "सोनोग्राफी झाली. जेवण येतं. इन्सुलिन द्यायचं नाही."

"नाही ना? बरं. आठ?"

आठ. नऊ. दहा. गाडी पुढे निघून गेली.

दिवसभर तिच्या कानावर हेच तर पडत असे: याला पाणी द्यायचं नाही, त्याला उशी द्यायची नाही, नातेवाइकांना आत सोडायचं नाही. 'नाही' म्हणायला तोंड उघडलं की तो तयार तुकडाच आधी हाताला लागायचा. चार्टवरची चौकट तिने बरोबर रिकामी ठेवली होती, कारण इन्सुलिन दिलेलं नव्हतं. येणाऱ्या नर्सने रिकामी चौकट बघितली आणि ऐकलेल्या वाक्याशी जुळवून घेतली. द्यायचं नाही, म्हणूनच रिकामी.

संध्याकाळी काकांना उलट्या सुरू झाल्या. हाक मारली तर ओ देत होते, पण डोळे मिटूनच. शुगर चारशे ऐंशी. सलाइन, इन्सुलिनची ड्रिप, दर तासाला तपासणी. दोन दिवस ते आयसीयूत होते. वाचले.

चौकशी इन्चार्ज सिस्टरच्या केबिनमध्ये झाली. बाई कडक, पण खुनशी नव्हत्या. त्यांनी एक कागद टॉपरपुढे सरकवला.

"'दिलं नाही' आणि 'द्यायचं नाही' यातला फरक लिही."

टॉपरने लिहिला. पहिल्यात काम झालेलं नाही, एवढीच माहिती. दुसऱ्यात काम करू नये, अशी सूचना. तिने दोन-दोन उदाहरणंही दिली. अक्षर मोत्यासारखं.

इन्चार्जनी कागद दोनदा वाचला. "तुला येत नसतं ना, तर मला सोपं गेलं असतं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून ओव्हर लिहून द्यायचा. बोलायचं नाही."

केबिनबाहेर शिंपीकाकांची मुलगी उभी होती. टॉपरने रात्रभर तयार केलेलं वाक्य होतं, व्याकरणशुद्ध, माफी मागणारं. मुलीने तिला अर्ध्यावरच तोडलं. "माझ्या बाबांना काय झालं असतं, ठाऊक आहे तुम्हाला?" आता याचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं. टॉपर तोंड उघडं टाकून उभी राहिली. मुलीला ती मख्ख वाटली असणार.

पुढचे दिवस वाईट गेले. लिहून द्यायचं म्हटल्यावर बोलणं आणखी आटलं. कोणी काही विचारलं की ती मान डोलवायची किंवा बोट दाखवायची. जी काही सवय होती तिलाही गंज चढू लागला. शेवटी एका रविवारी ती परीक्षेसाठी शिकवणाऱ्या बाईंच्या घरी गेली आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंनी आयुष्यभर व्याकरण शिकवलं होतं. त्यांनी पहिल्यांदा केलं ते सवयीनेच, कपाटातून आणखी स्वाध्याय काढले. टॉपरने दहा मिनिटांत तीस वाक्यं भरली. तीसही बरोबर. मग बाईंनी वही मिटली आणि भराभर विचारायला सुरुवात केली. "तीन नंबरची पट्टी बदलली? चारचं सलाइन काढलं? पाचला जेवण दिलं?" पाचव्या प्रश्नाला टॉपर अडखळली, सातव्याला म्हणाली, "जेवण द्यायचं नाही." बाईंनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

बाईंचा चेहरा उतरला होता. "मी तुला विचार करून उत्तर द्यायला शिकवलं," त्या म्हणाल्या. "आणि तिथे विचार करायला वेळच नसतो. माझंच चुकलं, बाळा."

"आता काय करायचं, बाई?"

"नवीन नियम एकही नाही. आहेत तेच तोंडात बसवायचे. आणि सगळे एकदम नाही. ही चारच: दिलं, दिलं नाही, द्यायचंय, द्यायचं नाही. बाकी 'गोळी दिलं' म्हणालीस तरी मी कानात बोळे घालीन."

ऐकणारं माणूस हवं होतं, तेही खरं काम समजणारं. ते वॉर्डातच सापडलं. वॉर्डातल्या मावशी बावीस वर्षं बेडपॅन आणि चादरी सांभाळत होत्या. शाळा चौथीत सुटलेली. 'द्यायचं' हे काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "द्यायचं म्हंजे द्यायचं. त्यात काय आलंय?" पण त्यांच्या तोंडून चुकीचं रूप कधी निघत नसे.

पाळी संपली की दोघी चादरींच्या खोलीत बसत. टॉपर सहा खोट्या पेशंटांचा ओव्हर द्यायची. मावशींपुढे औषधांचे सहा रिकामे प्लास्टिकचे कप. ऐकतील तसं त्या करायच्या. दिलं म्हटलं की कप उलटा. दिलं नाही म्हटलं की कप आहे तिथेच. द्यायचंय म्हटलं की पुढे. द्यायचं नाही म्हटलं की खाली जमिनीवर. मध्ये टोकायचं नाही, ही बाईंची सक्त ताकीद. संपल्यावर टॉपरने कपांकडे बघायचं. चूक लाल शाईत नसायची. चुकून जमिनीवर गेलेल्या कपात असायची.

तोच ओव्हर आधी चार मिनिटांत. मग तोच तीन मिनिटांत. मग दोन. दुसऱ्या दिवशी पेशंट बदलायचे, औषधं बदलायची.

पहिल्या आठवड्यात दोन मिनिटांच्या फेरीत रोज नको ते कप जमिनीवर जायचे. तिसऱ्या आठवड्यात चारही रूपं बऱ्यापैकी जागेवर येऊ लागली, तर बाकीचं बोलणंच बिघडलं. आधी जमणारी साधी वाक्यंही वाकडी व्हायला लागली. "पेशंट आला, तिला... तो... त्याने चहा प्याली."

मावशी पोट धरून हसल्या. टॉपरला रडू फुटलं.

"अगं, रडतेस काय? एक भांडं घासायला घेतलं की दुसरं खरकटं राहणारच," मावशी म्हणाल्या. "आज चहा प्याली तर प्याली. मेलं तर कोणी नाही."

मग त्यांना आपणच काय बोललो ते कळलं आणि त्या कप गोळा करू लागल्या.

सातव्या आठवड्यात टॉपरने इन्चार्जकडे ओव्हर परत मागितला. त्यांनी एक अट घातली: घेणाऱ्या नर्सने प्रत्येक औषधाचं ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. टॉपर म्हणाली, "सगळ्यांनी. फक्त माझ्यासाठी नाही." हे वाक्य तिने तयार केलेलं नव्हतं. इन्चार्जनी भुवया उंचावल्या, आणि हो म्हणाल्या. त्यामुळे ओव्हर पाच मिनिटं लांबला आणि वॉर्डातल्या निम्म्या नर्सनी टॉपरच्या नावाने बोटं मोडली.

महिन्याभराने एका दुपारी अकरा नंबरच्या बाईंना एकदम धाप लागली. हृदयाचा जुना त्रास, अंगात पाणी साठलेलं. डॉक्टर धावत आले, कोणी ऑक्सिजन वाढवत होतं, कोणी मॉनिटर ओढत होतं, मावशी पडदा लावत होत्या.

"सकाळचं लॅसिक्स?" डॉक्टर ओरडले. लॅसिक्स म्हणजे ते साठलेलं पाणी उतरवायचं औषध.

"दिलं नाही. बीपी कमी होतं, तुम्ही थांबवलं. आता एकशे तीस आहे. द्यायचंय का?" टॉपर म्हणाली.

"द्या. चाळीस. शिरेतून."

"चाळीस, शिरेतून, देते."

पुढचा अर्धा तास कोणालाच मान वर करायला फुरसत नव्हती. पेशंटचा श्वास जागेवर आला. बाई उशाला टेकून डोळे मिटून पडल्या.

टॉपर हात धुवायला गेली. आपण डॉक्टरांना नक्की काय म्हणालो? तिला आठवेना. वाक्य जुळवल्याचं आठवत नव्हतं, नियम आठवल्याचं आठवत नव्हतं. ओल्या हातांनी ती तशीच चार्टकडे धावली, चौकटी तपासल्या, मग मावशींना गाठलं.

"मावशी, मी काय म्हणाले? 'दिलं नाही' म्हणाले की 'द्यायचं नाही'?"

"दिलं नाही म्हणालीस. नीट म्हणालीस."

"नक्की?"

"मी काय बहिरी आहे?"

टॉपर खुर्चीवर बसली. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी भीती वाटली. आतापर्यंत ती प्रत्येक शब्दावर पहारा देत होती. आज शब्द पहारा चुकवून बाहेर पडला आणि नशिबाने बरोबर निघाला. की नशिबाने नव्हे? हे तिला सांगणारं कोणी नव्हतं. शिकवणाऱ्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "सवय अशीच असते, कळत नाही." आणि पुढे, "दमलेली असलीस की घसरेल कधी. म्हणून ते परत म्हणून घेणं सोडू नकोस."

त्याच आठवड्यात शिंपीकाका तपासणीला आले. त्यांनी टॉपरला ओळखलं, हात वर केला. शेजारी मुलगी होती. टॉपर जवळ गेली आणि या वेळी काही तयार न करता बोलली. "तेव्हा माझी चूक झाली. मला बोलता नाही आलं. मला अजून... त्याचं वाईट वाटतं."

"बोलता येतंय की आता," मुलगी म्हणाली. आवाजात ओलावा नव्हता. तिने बाबांच्या दंडाला धरलं आणि ती त्यांना लिफ्टकडे घेऊन गेली.

दोन वाजत आले होते. टॉपरने चार्ट गोळा केले आणि ओव्हर द्यायला टेबलाशी जाऊन उभी राहिली.